अकरा पोटॅशियम

उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. माझा स्वभाव तापट. चिकट लेबल नसलेली किंवा रक्तपेशी फुटून लाल झालेली ट्यूब आली की मी ती सरळ परत पाठवते, त्यामुळे वॉर्डातल्या सिस्टरांना माझा फोन म्हणजे डोकेदुखी वाटते. वाटू दे.

त्या दुपारी मात्र ट्यूब दिसायला एकदम ठीक होती. नाव बरोबर, नंबर बरोबर, गोठलेल्या रक्तावर आलेला सीरमही स्वच्छ पिवळा. वांगणीपलीकडच्या पाड्यावरची तरुण मुलगी, जुलाब-उलट्यांनी गळून गेलेली, पाय उचलता येत नाहीत म्हणून दाखल. मशीनने आकडा दाखवला: पोटॅशियम अकरा!

पोटॅशियम पाचाच्या थोडं वर गेलं तरी आम्ही सावध होतो. अकराला हृदय बंदच पडायचं. असा जिवावरचा आकडा आला की आमचा नियम एकच, आधी डॉक्टरांना फोन, बाकी सगळं नंतर. माझा हात रिसीव्हरवर गेलाही होता. तेवढ्यात खालच्या ओळीत कॅल्शियम आलं. तीन. नऊच्या आसपास असायला हवं ते तीन!

मी रिसीव्हर तसाच धरून उभी राहिले. असं कॅल्शियम असतं तर मुलीला झटके आले असते. पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला, ही जोडी मी ओळखते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. त्यात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम खाऊन टाकतं. त्या ट्यूबमधलं रक्त यात आलं होतं! म्हणजे हा आकडा मुलीचा नव्हताच.

मी वॉर्डात फोन लावला. "डॉक्टर, सॅम्पल रिजेक्ट करतेय. जांभळ्या ट्यूबचं रक्त मिसळलंय. ताबडतोब नवीन हवं."

"अहो, पेशंट लुळी पडत चाललीय. जो आलाय तो आकडा तरी सांगा."

"नाही सांगणार. खोटा आहे. सांगितला तर तुमच्या डोक्यातून जाणार नाही."

मला वाटलं, आता भांडण. पण ते म्हणाले, "ठीक आहे. ईसीजी काढतोच आहे. लवकर करा."

मी हिरव्या झाकणाची ट्यूब घेऊन स्वतःच जिना चढले. त्यातलं रक्त गोठायची वाट बघावी लागत नाही. सिस्टर मला बघून खजील झाल्या. "कितीदा टोचलं मॅडम, नसच सापडेना. साध्या ट्यूबला कमी पडलं, म्हणून जांभळीतलं थोडं ओतलं. पोरगी रडत होती ना." ओरडायला गेले होते, पण नवीन ट्यूब त्यांच्या हातात दिली. दया आली म्हणून केलं होतं बिचारीने.

मुलीची आई पलंगाला आडवी उभी राहिली. "नको टोचू गं बाय. पोरीच्या अंगान रगत ऱ्हायलाय का?"

"मावशी, एकदाच. पहिलं रक्त बिघडलं. हे नाही मिळालं तर डॉक्टरांना औषध कुठलं द्यायचं तेच कळणार नाही."

त्या बाजूला झाल्या. सलाईन नसलेल्या हाताची नस सिस्टरांनी एका टोच्यात धरली. मी ट्यूब घेऊन अक्षरशः पळाले.

मशीनपुढे मला बसवेना. आकडा आला: एक पूर्णांक नऊ. कॅल्शियम ठीकठाक. जुलाबांनी पोटॅशियम पार वाहून गेलं होतं! हा आकडाही जिवावरचाच, फक्त उलट्या टोकाचा. या वेळी मी फोन उचलला आणि मुलीचं नाव, नंबर, आकडा सांगितला. "परत म्हणून दाखवा, डॉक्टर." त्यांनी तिन्ही गोष्टी परत म्हणून दाखवल्या. मी रजिस्टरमध्ये वेळ आणि त्यांचं नाव लिहिलं.

"ईसीजीशी जुळतंय," ते म्हणाले. "मॉनिटर लावून पोटॅशियमचं ड्रिप चालू करतो. मघाचा किती होता हो?"

"अकरा."

ते हळूच म्हणाले, "ईसीजी हातात नव्हता तेव्हा. अकरा ऐकला असता, तर इन्सुलिन दिलं असतं मी." इन्सुलिनने रक्तातलं पोटॅशियम आणखी उतरतं. उरलंसुरलंही गेलं असतं. मी मशीनशेजारच्या स्टुलावर बसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिचं पोटॅशियम पुन्हा बघायचं होतं. ट्यूब घेऊन मीच वर गेले, राहवलंच नाही. माझ्या हातातली ट्यूब बघताच पोरीने गुडघे पोटाशी ओढले, दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि किंचाळली, "आये, ही आली बघ परत!"

आई तिला दटावायला लागली. मी म्हटलं, "मावशी, ओरडू नका तिला. पाय उचलले बघा तिने," आणि भर वॉर्डात मला रडू फुटलं.