फिल्मवरचे प्रमाण

माझा धाकटा भाऊ शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवी. गोवा घटकराज्य होऊन काही वर्षे झाली होती. खोकला राहिना म्हणून बेळगावात त्याचा सीटी स्कॅन केला, तेव्हा उजव्या फुप्फुसात एक ठिपका निघाला. तिथले सर्जन म्हणाले, "तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. वाढला तर काढावा लागेल."

दुसरा स्कॅन पणजीत केला. रिपोर्ट मिळायचा होता, पण फिल्म हाती आल्या. डिचोलीच्या शाळेत भूमिती-भूगोल शिकवणारा मी. दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावून कर्कटकाने ठिपका मोजला. पहिलीवर अडीच मिलिमीटर, दुसरीवर चार. शिवाय पहिलीवर तो धूसर होता, दुसरीवर ठसठशीत.

भावाने विचारले, "दादा, नीट मोजलंस मां?"

तीनदा मोजले होते. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पणजीच्या रेडिओलॉजिस्टांनी दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या. माझ्या वहीतली मापे पाहून ते हसले.

"मास्तर, नकाशावरचं अंतर मोजताना आधी काय बघता?"

"प्रमाण."

"मग इथे का नाही बघितलंत?"

प्रत्येक चित्राच्या कडेला बारीक मोजपट्टी छापलेली होती. बेळगावने एका फिल्मवर वीस चित्रे बसवली होती, पणजीने बारा. शरीरातले दहा सेंटिमीटर दाखवणारी खूण बेळगावच्या फिल्मवर दोन सेंटिमीटरची, पणजीच्या फिल्मवर सव्वातीनची. त्रैराशिक मांडले, दोन्हीकडे ठिपका सुमारे बारा मिलिमीटरचा आला.

"आणि धूसर का?" मी विचारले.

"सीटीचं प्रत्येक चित्र म्हणजे शरीराचा एक काप. तिथे एकेक काप दहा मिलिमीटर जाडीचा, आमचा पाचचा. जाड कापात ठिपक्याबरोबर आजूबाजूची हवाही येते. दोन्हींची सरासरी होऊन रंग फिका पडतो, कडा विरघळते. म्हणून नुसत्या पट्टीवर मी निकाल देणार नाही."

त्यांनी भावाला पुन्हा यंत्रावर घेतले आणि ठिपक्यापुरते मोजके काप बेळगावच्याच पद्धतीने काढले: तीच जाडी, तसाच पूर्ण भरून धरलेला श्वास. फिल्मवर छापतानाही काळ्या-पांढऱ्याची छटा तीच ठेवली. ठिपका पुन्हा धूसर झाला, पहिल्यासारखाच आणि तेवढाच. मग त्यांनी पातळ कापावर बोट ठेवले. ठिपक्याच्या मधोमध चुन्यासारखा पांढरा कण होता, जो जाड कापात दिसला नव्हता.

"चुना साठलाय, म्हणजे बहुधा जुनी भरलेली जखम. वाढ नाही. सर्जनना मी लिहितो. पुढचा स्कॅन इथेच, आमच्या पातळ कापांनीच."

रिपोर्टात त्यांनी कापांची जाडीही नोंदवली. सर्जननी तो वाचून शस्त्रक्रियेचा विचार सोडला.

परतीच्या बसमध्ये एकच जागा रिकामी होती. मी भावाला बसवू लागलो, तर तो आधीच बसला होता.

"प्रमाण इसरणाऱ्या पोरांक तू वर्गात उभो करतंस मां?" तो म्हणाला. "मग रव उभो. थेट डिचोलीपर्यंत."

मी आनंदाने उभा राहिलो.