किकखाली दबणारा बेस

गेल्या एप्रिलमध्ये एका दुपारी म्हसावदच्या एका डीजे गाडीवर मी लॅपटॉपवर बनवलेला नाचाचा हाऊस ट्रॅक वाजवून पाहिला आणि गाडीमालकाने तो अर्ध्यातच बंद केला. त्याच संध्याकाळी लग्नाची वरात होती. वरातीसाठी लोक जमत असताना तो ट्रॅक वाजवायचा की नाही, हे या चाचणीवर ठरणार होतं. त्याआधी माझं काहीही बाहेर वाजलेलं नव्हतं.

किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, आणि बेस एकाच वेळी खालच्या पट्टीत वाजले की एकमेकांना गिळतात. त्यामुळे मी बेसच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावला होता आणि त्याच्या साइडचेनला किकचा आवाज दिला होता. किक पडली की कॉम्प्रेसर बेस दाबतो, किक सरली की सोडतो. हेडफोनवर हा झोका मला आवडला होता, म्हणून बेस मी खूप खोल दाबला होता आणि सोडण्याचा वेळही, म्हणजे रिलीज, लांब ठेवला होता.

मालक ट्रॅक बंद करून थेट जनरेटरकडे गेला.

"थांब भो, जनरेटर दम टाकी ऱ्हायना."

किकच्या प्रत्येक ठोक्याला ॲम्प्लिफायर जास्त वीज ओढतात. जनरेटर कमजोर असेल तर त्या क्षणी आवाज बसतो. त्याला तसंच ऐकू आलं होतं. त्याने मला पुन्हा वाजवायला सांगितलं आणि व्होल्टमीटरपाशी उभा राहिला. काटा जागचा हलला नाही.

"काटा तं हालत नही. मंग तुन्हं गाणंच मांदं शे का?"

"दादा, ते मुद्दाम केलंय. किकला जागा मिळावी म्हणून."

"जागा दे ना. पन बेसले घरनं बाहेर काढी टाकं का तू? लोके म्हनतीन, येना जनरेटर मरना." जनरेटर मेला असं समजून लोक त्यालाच नावं ठेवणार होते.

लॅपटॉप गाडीच्या पायरीवर ठेवून मी प्रोजेक्ट उघडला. किकचे ठोके साधारण अर्ध्या सेकंदाने येत होते. पुढची किक येईपर्यंत बेस जेमतेम पूर्ण आवाजात परतत होता, म्हणून बहुतेक वेळ तो दबलेलाच राही. ॲटॅक, म्हणजे बेस दाबण्याचा वेग, आधीच जलद होता, तो तसाच ठेवला. रिलीज बराच कमी केला. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीपासून दाबणं सुरू होतं ती, वर नेला, त्यामुळे बेस आधीच्या निम्म्याहून कमी दबू लागला. आता किकचा ठोका स्वच्छ येत होता आणि तिच्या मागोमाग बेस लगेच भरत होता.

साइडचेन पूर्ण काढली तर काय होतं, हेही मालकाने विचारलं. मी कॉम्प्रेसर बंद केला. ॲम्प्लिफायरचे आवाज फाटत असल्याचा इशारा देणारे लाल दिवे प्रत्येक ठोक्याला लागू लागले आणि किक चिखलात पडल्यासारखी वाजली.

"चालू कर ते," तो म्हणाला.

नवी फाइल त्याने पेनड्राइव्हवर घेतली. संध्याकाळी मंडपासमोर लोक जमत असताना ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजला.