सांध्यावरची पट्टी

इस्पितळाच्या धुलाईघरात गरम पाण्याचा सांधा गळायला लागला आणि इस्त्री केलेल्या चादरींवर तांबूस डाग पडले, तेव्हा मुकादमबाईंनी मिस्त्रींनाच बोलावणं धाडलं. नळकामात मिस्त्रींच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. हे काम मात्र केलं होतं त्यांच्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं. मिस्त्रींनी त्याला हाताशी धरून शिकवलं होतं, आणि हे त्याला विसरूही देत नसत.

बॉयलरकडून जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप येत होता, पुढे मशिनांपर्यंत तांब्याचा. दोन्ही पाइप जिथं भेटत होते, तिथं लोखंडी बाजूला पांढरी भुकटी धरली होती आणि तिच्याखाली गंज पाझरत होता. तांबं मात्र तसंच चकचकीत होतं. मिस्त्रींनी नुसतं पाहिलं आणि त्यांचं तोंड सुटलं. घड्या घालणाऱ्या बायका हात थांबवून ऐकू लागल्या. तांबं आणि जस्त एकमेकांना चिकटली आणि मधून पाणी वाहिलं, की टॉर्चच्या सेलसारखा प्रकार होतो, त्यांनी समजावलं. आधी जस्त झिजतं, मग खालचं लोखंड. म्हणून मधे डायइलेक्ट्रिक युनियन, म्हणजे वीज अडवणारा जोड, घालायचं असतं. त्यात प्लास्टिकची बाही आणि रबराचा वॉशर असतो, धातूला धातू लागत नाही, मग झीज होत नाही.

“आणि आमच्या शहाण्यानं तेच गाळलंय,” ते म्हणाले. “घाई, दुसरं काय. घरी जेवायला बसतानाही याची अशीच घाई.”

बायका हसल्या. मिस्त्रींबरोबर आलेला मेहुणा पान्हा हातात घेऊन उभा होता. त्याचे कान लाल झाले.

“दाजी, घातलंय मी. उघडून बघा.”

“मला शिकवतोस?”

मुकादमबाईंनी मिस्त्रींना तिथल्या तिथं सांगून टाकलं, उद्यापासून या माणसाला पाठवू नका. इस्पितळाचं काम हेच मेहुण्याचं बांधलेलं काम होतं. त्यानं पान्हा पिशवीत ठेवला आणि तो निघून गेला.

मिस्त्रींनी पाणी बंद केलं, पाइप रिकामा केला आणि मधला नट सोडवला. आत पांढरी बाही होती. कुठं चिरलेली नाही, दबलेली नाही. वॉशरही जागच्या जागी. मेहुण्यानं सांधा पुस्तकात दाखवावा तसा बसवला होता.

त्यांना आधी राग आला, तोही त्या बाहीवर. मग त्यांनी सगळं परत जोडलं, वीज तपासायचा मीटर काढला आणि त्याचं एक टोक लोखंडाला, दुसरं तांब्याला लावलं. मीटर वाजला. वाजायला नको होता; म्हणजे दोन्ही धातू अजून कुठंतरी जोडलेले होते. त्यांनी सांध्याभोवती हात फिरवला आणि बोटांना ती पट्टी लागली.

जाड लोखंडी पट्टी. एका टोकाच्या चिमट्यानं लोखंडी पाइप धरलेला, दुसऱ्या टोकाच्या चिमट्यानं तांब्याचा. मशिन सुरू झालं की पाइप थरथरतो, म्हणून मेहुण्याचं काम संपल्यावर पाहायला आलेल्या मिस्त्रींनी ती स्वतः ठोकली होती. “असा शेवटचा हात फिरवावा लागतो,” असंही तेव्हा म्हणाले होते. प्लास्टिकनं जे तोडलं होतं, ते पट्टीनं बाहेरून जोडून ठेवलं होतं. त्यांनी पट्टी सोडवली. मीटर गप्प झाला.

मान वर करायची त्यांना चोरी झाली. बायका पुन्हा घड्यांना लागल्या होत्या. कुणीतरी मेहुण्याच्या जेवणाची नक्कल केली आणि पुन्हा हशा पिकला. मिस्त्रींनी झिजलेला तुकडा बदलला, पट्टी पिशवीत टाकली, आणि ते मागच्या दारानं बाहेर पडले.

संध्याकाळी ते मेहुण्याच्या घरी गेले. तो ओट्याशी भांडी विसळत होता. दाजींना पाहून त्यानं सवयीनं खुर्ची पुसून पुढे केली. त्या खुर्चीवर बसणं मिस्त्रींना फार जड गेलं.

“पट्टीमुळं झालं,” ते कसेबसे म्हणाले. “माझ्या.”

“माहीत होतं मला,” मेहुणा म्हणाला. “लावलीत त्याच दिवशी दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

मेहुण्यानं हातातलं पातेलं पालथं घातलं. “तुम्हाला कोण सांगणार, दाजी? आज एवढंच म्हणालो की उघडून बघा, तर काय झालं ते पाहिलंत ना.”

मिस्त्रींना वाटलं, यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काम परत मिळवून देतो, असं ते पुटपुटले. मेहुणा म्हणाला, मुकादमबाईंना बाजूला घेऊन नको. जिथं बोललात तिथंच बोला.

सकाळी धुलाईघरात सगळ्या जणी होत्या. मेहुणा दाराशी थांबला. मिस्त्री मशिनांच्या आवाजात बोलू लागले, तर कुणाला ऐकू जाईना. मुकादमबाईंनी मशिनं बंद करवली, आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. युनियन होतं. नीट होतं. पट्टी माझी होती.

मुकादमबाईंनी मेहुण्याला हातानं आत बोलावलं आणि तिसऱ्या मशिनाचा नळ बघायला सांगितलं. तेवढ्यात चादरी मोजणारी एक म्हातारी, काही वाकडं मनात न आणता, म्हणाली, “पण मिस्त्री, उघडून बघायच्या आधीच कसं हो बोललात?”

मिस्त्री तसेच उभे राहिले, आणि बायका त्यांच्याकडं बघत राहिल्या.