झाकण घेऊन येणारी बाई

नेरूळला आमच्या सेक्टरच्या मार्केटात भांड्यांचं एक दुकान होतं. तिथे मी साडेचार वर्षं भांड्यांवर नावं घातली. लग्नात द्यायची ताटं, हळदीकुंकवाच्या वाट्या, डबे. हातात छोटी विजेची मशीन असते, तिची सुई टकटक करत स्टीलवर ठिपके पाडते आणि ठिपक्यांचं नाव होतं. लोक चिठ्ठीवर नाव लिहून देत आणि बाजार करायला निघून जात. मला ते बरं वाटायचं, कारण बोलावं लागत नसे.

नवरा तेव्हा आखातात फिटर होता. दोन वर्षांनी एकदा यायचा. सासर साताऱ्याकडे, माहेर त्याच्याही पलीकडे. एका खोलीच्या घरात मी एकटी. कुकर पाच लिटरचा होता, लग्नातला. एका माणसाचा भात त्याच्या तळाशी कुठेतरी पडलेला असायचा.

एक दिवस शेठने माझ्या अक्षराकडे बघितलं. म्हणाले, "ताई, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे. कुकरना कार्डं लिहा. गिऱ्हाईक रोज तेच विचारतं आणि ही पोरं प्रत्येकाला वेगळं सांगतात."

म्हणून प्रत्येक कुकरच्या दांड्याला दोऱ्याने एक कार्ड बांधायचं ठरलं. त्यावर चार गोष्टी. किती लिटर. अंग कशाचं, अ‍ॅल्युमिनियम की स्टील. गॅस्केट, म्हणजे झाकणातली रबरी रिंग, कोणतं लागतं आणि कधी बदलायचं. कोणत्या शेगडीवर चालतो. माझी शाळा चौथीपर्यंत. कंपनीची पुस्तिका मी बोट ठेवून वाचली, अडलं ते शेठना विचारलं. लिटरच्या पुढे मी आपल्या मनाने लिहिलं, तीन लिटर दोघातिघांना, पाच लिटर पाचसहा जणांना. एकाला किती, ते लिहिलं नाही. कोणी विचारत नव्हतं.

कार्डं लागली त्याच आठवड्यात ती आली. खाडीकडच्या गावातली, मासळी विकून परतताना. पाच लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिने उचलून बघितला आणि कार्ड माझ्यासमोर धरलं.

"वाच गो बाय. मना वाचता येत नाय."

शेगडीची ओळ मी हळू आवाजात वाचली. गॅसवर चालतो, वातीच्या आणि पंपाच्या स्टोव्हवर चालतो. उघड्या तारेच्या विजेच्या शेगडीवर ठेवू नये.

"आन चुलीवर? अंगनात चूल हाय माजी."

"चुलीवर नको. दांडे जळतील."

"बरं झाला सांगलंस. नायतर तुमचा शेठ बोलला असता, खुशाल ठेव."

शेठ गल्ल्यावरून हसले. कुकरवर तिला स्वतःचं नाव हवं होतं. "नवऱ्याचा नको. भात मी शिजवतंय," म्हणाली. दुसऱ्या गिऱ्हाइकांसारखी ती निघून गेली नाही. उलट्या पातेल्यावर बसली आणि मी ठिपके पाडत असताना बोलत राहिली. सून कशी आहे, बोंबील किती सुकले, गावात नळ कधी येतो. मध्येच विचारलं, "तुजं घरवाले खंय?" मी सांगितलं. ती "अगो माय" एवढंच म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मासळीचा वास माझ्या ब्लाउजला दिवसभर राहिला. संध्याकाळी तो धुवायला मी उशीर केला.

जाताना तिने जादा गॅस्केट मागितलं. कार्डावर मीच लिहिलं होतं, तीन आणि पाच लिटरला एकच गॅस्केट. पाच लिटर छापलेलं पाकीट संपलं होतं म्हणून तीनचं दिलं.

महिन्याभराने ती कुकरचं झाकण टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. सुनेने पहिलं गॅस्केट गरम तव्यावर ठेवलं होतं, ते वितळलं. दुसरं बसवलं तर शिटी होईना. बाजूने वाफ निघून जायची, पाणी आटलं, डाळ करपली. कुकरवर नाव घातलेलं, त्यामुळे दुकान तो परत घेणार नव्हतं. दुकानातला एक विक्रेता म्हणाला, "मावशी, तुम्हाला बसवता आलं नसेल."

मी झाकण हातात घेतलं. गॅस्केट झाकणाच्या कडेत बसतच नव्हतं, आत लोंबत होतं. माझ्या लक्षात आलं. तीन आणि पाच लिटरची झाकणं सारखी, हे एका कंपनीचं खरं होतं. तिचा कुकर दुसऱ्या कंपनीचा, त्याचं पाच लिटरचं झाकण मोठं. मी एक कार्ड समोर ठेवून दुसरं लिहिलं होतं.

माझे कान तापले. तरी बोलले. "मावशींचं चुकलं नाही. कार्ड मी चुकीचं लिहिलं."

शेठने बरोबर मापाचं गॅस्केट काढून दिलं. मी ते ओलं करून बसवलं, बोट फिरवून दाखवलं. ती काही रागावली नाही. "शिकलेली मानसं पन चुकतात काय," एवढं म्हणाली आणि हसली. मला शिकलेली म्हणणारी ती पहिलीच.

ती झाकण गुंडाळायला लागली आणि मला वाटलं, आता ही कशाला येईल. गॅस्केट नवं. कुकरला आणखी काही लागत नाही. मी म्हणाले, "तीन महिन्यांनी झाकण घेऊन या. गॅस्केट तपासावं लागतं."

हे खोटं होतं. कडक झालं, चीर पडली किंवा वाफ सुटायला लागली, तर घरच्या घरी कळतं.

ती तीन महिन्यांनी आली. टॉवेलात झाकण. मी गॅस्केट काढलं, वाकवून बघितलं, चांगलं आहे म्हटलं. ती पातेल्यावर बसली, चहा झाला, सुनेला मुलगी झाल्याचं कळलं. त्यानंतरच्या तीन महिन्यांनीही आली. त्या दिवसांची मी कॅलेंडरवर खूण करत असे.

तिसऱ्या वेळी मी गॅस्केट हातात घेतलं होतं, तेव्हाच शेजारी तो विक्रेता एका बाईला माझंच कार्ड मोठ्याने वाचून दाखवायला लागला. "गॅस्केट साधारण वर्षभर टिकतं. कडक झालं किंवा चीर पडली की बदलावं."

मावशीने मान वळवली. मग माझ्याकडे बघितलं.

"ती पाटी कोनी लिवली?"

"मी."

"तिथं वरीस. आन मना तीन म्हैने?"

मी गॅस्केट परत बसवू लागले.

"खाडीपासनं झाकन डोक्यावर आनतंय मी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कशाला आनवतंस?"

तिला सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. झाकण नका आणू, तुम्ही या. मी ते मनात तयार केलं, पण तोपर्यंत तो विक्रेता आणि ती बाई दोघं आमच्याकडे बघत होते. मी झाकण फडक्याने पुसलं. एकदा पुसून झालं तरी पुसत राहिले. ती थोडा वेळ थांबली. खरंच थांबली होती, हे मला नंतर पुष्कळदा आठवलं. मग तिने झाकण माझ्या हातातून घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि गेली.

वर्ष झाल्यावर गॅस्केट बदलायला ती येईल असं मला वाटत होतं. आली तिची सून, कडेवर मुलगी घेऊन. नेमक्या मापाचं गॅस्केट मागितलं. मी विचारलं, "मावशी बऱ्या आहेत?" "बरी हाय," म्हणाली. मी गॅस्केट दिलं, कसं बसवायचं ते सांगितलं. गरम तव्यावर ठेवू नका, तेही सांगितलं. पुढचं बोलायला तोंड उघडलं तर मुलगी रडायला लागली आणि ती पायऱ्या उतरून गेली.

त्या पावसाळ्यात मी माझ्यासाठी दीड लिटरचा कुकर घेतला. त्याला कार्ड नव्हतं, इतका लहान कुकर दुकानात आधी आलाच नव्हता. शेठ म्हणाले, लिहून टाका. मी लिटर लिहिले, अंग अ‍ॅल्युमिनियमचं, गॅस्केटचं माप दोनदा तपासून लिहिलं, गॅस आणि स्टोव्ह लिहिलं. शेवटी लिहिलं, एका माणसाला पुरतो. शेठ म्हणाले नाव घाला त्याच्यावर, फुकट. मी नको म्हटलं. घरात दुसरं कोणी नव्हतंच, की कुकर कोणाचा असा प्रश्न पडावा.