भिंतीपासून दीड हात

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातलं आमचं किराणा दुकान नव्या आर्थिक धोरणानं बुडवलं, असं मी बरीच वर्षं सांगत आले. सभेत सांगितलं, टाळ्या घेतल्या. ऐकणाऱ्यांना ते आवडायचं, कारण त्यांना तेच ऐकायचं असायचं. ते खोटं आहे. धोरणाबद्दलचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही, पण दुकान मी बुडवलं. कसं, ते एकदा नीट लिहून टाकते.

दुकानामागे एक खोली होती, तेच आमचं गोदाम. तिला दोन दारं होती. एक दुकानात उघडायचं, दुसरं मागच्या बोळात. माल बोळातून यायचा आणि दुकानातून जायचा. बाबांची सगळी विद्या या एका वाक्यात होती. नवीन पोतं बोळाच्या दारानं आत घ्यायचं आणि रांगेच्या मागच्या टोकाला लावायचं. काढायचं ते दुकानाकडच्या टोकाचं. म्हणजे जे आधी आलं तेच आधी जातं, कुठलंही पोतं विसरून कुजत नाही. प्रत्येक पोत्यावर ते खडूनं आल्याची तारीख घालायचे. त्यांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली, म्हणून आकडेही उर्दूच.

पोती जमिनीवर कधीच नाहीत. विटांवर फळ्या, फळ्यांवर पोती. आणि चारी भिंतींपासून दीड हात जागा मोकळी. उंदीर खोलीच्या मधून धावत नाही, भिंतीच्या कडेकडेनं पळतो. भिंत मोकळी असली की तो दिसतो. तो नाही दिसला तर त्याच्या लेंड्या दिसतात, त्याही नाहीत तर पावलं. बाबा भिंतीच्या कडेनं चुन्याची भुकटी पसरून ठेवायचे आणि सकाळी बॅटरी आणि केरसुणी घेऊन खोलीची एक प्रदक्षिणा घालायचे. भुकटीत बारीक पावलं उमटलेली असली, की ती कुठून आली ते शोधून त्याच वाटेवर पिंजरा. बोळाच्या दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकलेली, मोरीला बारीक जाळी. रिकामं पोतं आत ठेवायला सक्त मनाई, कारण शिवणीत किडीची अंडी राहतात. ते उलटं करून गच्चीवर, उन्हात. डब्यात तळाशी जुनी डाळ असताना वरून नवी ओतलेली दिसली, तर आईचीही गय नव्हती.

"औषध टाका ना, एवढी उठाठेव कामून?" आई म्हणायची.

"लोकांच्या खाण्याजवळ जहर ठिवू?" एवढंच उत्तर.

हे सगळं मला तेव्हा हास्यास्पद वाटायचं. जगात एवढं काय काय चाललंय आणि आपला बाप उंदराची पावलं बघतोय.

त्या काळात आमच्या रस्त्यावर पहिलं मोठं दुकान आलं. काचेचं दार, आत गारवा, डाळी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. आमची महिन्याची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली. उरली ती मुलींच्या हॉस्टेलची मेस. मेस चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. त्या तेलुगू बोलणाऱ्या, आमच्याशी हैदराबादी हिंदीत. शंभरावर मुलींचा तांदूळ त्या बाबांकडून घ्यायच्या, कारण तो निवडावा लागत नसे. "दो औरतों की मेहनत बचती सेठ, तुम्हारे चावल में," असं त्या म्हणायच्या. त्याच वेळी त्यांनी स्पष्ट सांगितलेलंही होतं, की मोठ्या दुकानाचा माणूस रोज येतो आहे, आणि तुमच्या चावलात काही निघालं तर मी त्याला हो म्हणेन. ती मेस होती म्हणून दुकान होतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि नव्या धोरणाविरुद्धच्या एका समितीचं काम करत होते. पत्रकं मीच लिहायची. त्या पावसाळ्यात आम्ही एक मोठं पत्रक काढलं, तीन भाषांत, मथळा: छोट्या दुकानदाराला वाचवा. कोठी भागातल्या प्रेसवाल्यानं चाळीस गठ्ठे तयार करून ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, माझ्याकडे जागा नाही, उचला. समितीच्या सेक्रेटरीला जागा सुचेना. मला सुचली.

रिक्षातून गठ्ठे उतरवून मी ते मागच्या भिंतीला लावले, बोळाच्या दाराशी, त्या दीड हाताच्या मोकळ्या पट्ट्यात. मला वाटलं, जागा नुसतीच पडलेली आहे.

बाबा दारात उभे राहिले. "भिंतीला नको, पोरी."

"मग कुठं? पोत्यांवर?"

"गच्चीवर ठिव. झाकून."

"पावसात? बाबा, हा कागद कुणासाठी छापलाय? माझ्यासाठी? तुमच्यासाठीच ना? तुमच्यासाठी आम्ही रस्त्यावर यायचं आणि तुम्ही दीड हात जागा द्यायची नाही?"

त्यांनी वरचं एक पत्रक उचललं. मराठी ते बोट ठेवून वाचायचे. पहिल्या दोन ओळी वाचल्या, खाली माझं नाव शोधलं. समितीचं नाव होतं, माझं नव्हतं. "हे तू लिव्हलं?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी पत्रक पुन्हा गठ्ठ्यावर ठेवलं.

"पंधरा दिवस," मी म्हटलं.

"पंधरा म्हंजे पंधरा."

तिसऱ्या दिवशी मी जिल्ह्यांच्या दौऱ्यावर गेले. गठ्ठे उचलायला समितीचं कुणी आलं नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "उद्या" हे उत्तर मिळालं. मीही ते मानलं. अडीच महिने गेले.

त्या अडीच महिन्यांत काय झालं, ते मला नंतर उलगडलं. बोळाचं दार अर्धंच उघडत होतं. अफझलगंजच्या बाजारातून माल घेऊन येणारा हमाल पाठीवरचं पोतं तिथून आत आणू शकेना. तो दुकानाच्या बाजूनं यायला लागला आणि पोती पुढच्या टोकाला ठेवायला लागला. पुढे आलेलं पुढूनच विकलं जाऊ लागलं. मागची पोती मागेच राहिली, ओल्या हवेत, कागदाला टेकून. बाबांची कंबर धरलेली. क्विंटलची पोती उपसून रांग उलटी लावणं त्यांना एकट्याला जमणारं नव्हतं. मागच्या भिंतीची प्रदक्षिणाही बंद पडली, कारण तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. तीन भिंतींची भुकटी ते रोज बघत राहिले. ती कोरी होती. चौथीकडे बघता येत नव्हतं.

ते गठ्ठे बाहेर का फेकले नाहीत, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला माहीत होतं.

मी परतले त्या सकाळी बाबा बाजाराला गेले होते. हॉस्टेल सुट्टीनंतर उघडलं होतं आणि अक्कांची गाडी आली. सहा पोती हवी होती. पुढे चार होती. हमालाला मी मागची दोन काढायला लावली. एकाच्या खालच्या कोपऱ्याला रुपयाएवढं भोक होतं, तांदूळ गळत होता. हमाल म्हणाला, "बाई, सेठ को आने दो."

मला अकराला मीटिंग होती. मी गठ्ठ्यातलं एक पत्रक ओढलं, घडी घातली आणि भोकात कोंबलं. पोत्यात हात घालून बघितलाही नाही. बाबांनी घातला असता. किडीनं भरलेलं पोतं आतून गरम लागतं, हे ते मला लहानपणापासून सांगत आले होते.

दुपारी तीनला अक्का स्वतः आल्या. बाबा तेव्हा जेवून नुकते गल्ल्यावर बसले होते आणि मी मीटिंगहून परतले होते. अक्कांनी एक ताट काउंटरवर ठेवलं. त्यात तांदूळ होता आणि तांदूळ चालत होता. सोंडे. "पुरुगुलु, सेठ. कीड़े. पूरे बोरे में." मग त्यांनी ताटातल्या काळ्या लेंड्या बोटानं बाजूला केल्या आणि त्यांच्या शेजारी माझं पत्रक उलगडून ठेवलं. मथळा वरच्या बाजूला होता.

"ये क्या है? चावल में इश्तेहार डालके बेचते क्या अब?"

बाबांनी ताट बघितलं, पत्रक बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. "गलती मेरी है, अक्का. पोतं मी बघितलं नाही... मैं देखा नहीं."

"मेरेकू लड़कियाँ सँभालना है, सेठ. तुमको मालूम." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त लागलं. "कल से मैं उधर से लेती. बुरा नक्को मानो."

रस्त्याच्या कोपऱ्यावर, बसस्टॉपवर, कुठेही उभी राहून बोलणारी मी. मी काउंटरच्या आत उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. बाबांनी गल्ल्यात हात घातला तर अक्का "नक्को, नक्को" म्हणत निघून गेल्या.

मग आम्ही गठ्ठे हलवले. खालचे अकरा गठ्ठे आतून पोखरलेले होते. तीन भाषांमधल्या कागदाचा चुरा, मऊ, गोल, आणि त्यात डोळे न उघडलेली सात गुलाबी पिल्लं. मागे उरलेल्या आठही पोत्यांचे कोपरे कुरतडलेले. बाबा खडूनं घातलेल्या तारखा एकेक वाचत गेले, मोठ्यानं, मला समजावं म्हणून मराठीत. मी कान झाकून घेतले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सेक्रेटरीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अरेरे. चांगले किती उरलेत?" मी समिती त्या दिवशी सोडली नाही. तेही लिहायला हवं. आणखी दीड वर्ष तिथेच होते.

बाबांनी खोली पुन्हा लावली. हमालाला बोलावून रांग उलटवली, भिंती चुन्यानं रंगवल्या, नवी भुकटी पसरली. माझ्या आयुष्यात ती खोली इतकी चांगली कधी दिसली नव्हती. आत ठेवायला पोती चारच होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात दुकान गेलं. तिथे आता टेलिफोन बूथ आहे.

दुकान गेल्यावर मी एकदा हॉस्टेलवर गेले. अक्का जिन्याखाली बसून भाजी तोलून घेत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: कागद माझा होता, पोतं मी पाठवलं, बाबा दुकानात नव्हतेच.

त्यांनी तराजू खाली ठेवला. "तब बोलना था, अम्मा. अब कायकू बोलते?"

"तेव्हा बोलले असते तर तुम्ही...?" मी मराठीतच विचारलं. त्यांना कळलं.

"नई मालूम," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भाजीकडे वळल्या.

घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्यांच्यावरचा डाग मी पुसून आले होते. ते लसूण सोलत होते. हात थांबला.

"तुला कुणी सांगितलं होतं जायला?"

"खरं होतं ते, बाबा."

"मला ठाऊक नव्हतं का?" ते म्हणाले. सोललेल्या पाकळ्या त्यांनी वाटीत टाकल्या, उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा आईशी बोलले. माझ्याशी चार दिवस नाही. माझ्या वाटणीचा दोष त्यांनी स्वतःवर घेतला होता, मला देण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते मी त्यांना परत केलं होतं.