रेषेला टेकणारा वक्र

अर्थशास्त्राच्या बाईंनी वर्गात एकच आकृती वर्षानुवर्षे शिकवली. पण शिकवली ती देवपूजा मांडावी तशी, निगुतीने आणि निष्ठेने. वस्तू दोनच, चहा आणि बिस्किटे. सगळे पैसे खर्चून जेवढे घेता येईल, ती अंदाजपत्रक रेषा. ज्या जोड्यांत सारखेच समाधान, तो समवृत्ती वक्र. रेषेला जो वक्र नुसता टेकतो, त्या स्पर्शबिंदूवर ग्राहकाची निवड.

आज पेपर तपासणीच्या खोलीत छापील आदर्श उत्तर हाती आले आणि बाईंना शिसारी आली. त्यात वक्र रेषेला कापत होता, आणि त्या छेदबिंदूलाच ग्राहकाचा समतोल म्हटले होते.

"सर, इथे पैसे संपतात खरे; पण त्याच रेषेवरून थोडं सरकलं, तर वरचा, जास्त समाधानाचा वक्र गाठता येतो. मग ग्राहक इथे थांबेल कशाला?"

मुख्य परीक्षकांनी जांभई दिली. "छापलंय ना, बाई? स्पर्श काढणाऱ्यांना शून्य. तुमचा ग्राहक काही उपाशी मरत नाही!"

खोली हसली. बाईंसमोरच्या उत्तरपत्रिकेत कुणा लेकराने तो स्पर्शबिंदू जिवापाड जपून काढला होता. बाईंनी पूर्ण गुण दिले आणि ती सरांपुढे सरकवली.

"हे गुण खोडा. पण कारण लिहून खाली सही करा."

सरांनी पेन उघडले, आकृती प्रथमच नीट पाहिली आणि पेन मिटले. "राहू द्या एवढीचे. बाकीचे गठ्ठे मात्र छापल्याप्रमाणे."

त्या औदार्याची बाईंना अधिकच किळस आली. त्यांनी छापील उत्तर पालथे घातले, शेजारचा गठ्ठा ओढला आणि पहिल्यापासून तपासायला घेतला.