नमस्कारानंतरची शांतता

ठाण्यात माजिवड्याला पाण्याच्या फिल्टरच्या हेल्पलाइनवर मी काम करायचे, तेव्हा मराठीचं टेबल वेगळं होतं आणि त्यावर मी एकटीच बसायचे. पूर्वी फोन लागला की रेकॉर्ड केलेली बाई सांगायची, मराठीसाठी हे बटण, हिंदीसाठी ते. मग कंपनीने नवी यंत्रणा घेतली. विकायला आलेला माणूस म्हणाला, आता बटणांची कटकट नाही. यंत्र गोड आवाजात फक्त "नमस्कार, वेलकम" म्हणणार आणि थांबणार. ग्राहकाने बोलायला लागायचं. त्याच्या पहिल्या वाक्यावरून यंत्र भाषा ओळखणार आणि फोन बरोबर त्या टेबलावर पाठवणार. ऐकायला फारच छान वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मराठीचे फोन बंद.

यंत्र चुकत नव्हतं, हे आधीच सांगते, कारण मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. चूक आपल्या माणसांची होती. समोरचा गप्प बसला की तो परका, आणि परक्याशी बोलायचं ते हिंदीत, ही आपली जुनी खोड. भाजीवाला, कुरियरवाला, लिफ्टमध्ये भेटलेला अनोळखी माणूस, सगळ्यांशी आपण आधी हिंदी सुरू करतो. इथेही तेच. नमस्कारानंतरच्या त्या शांततेला महाराष्ट्रभरची माणसं हिंदीत उत्तर देत होती. यंत्राने हिंदी ऐकली आणि फोन हिंदीच्या रांगेत टाकला. ती रांग इतकी तुंबली, की जादा फोन माझ्या रिकाम्या टेबलाकडे वळवायला लागले.

म्हणजे मराठीच्या पाटीखाली बसून मी दिवसभर हिंदी बोलत होते आणि पलीकडेही बहुतेक मराठीच माणूस होतं. स्क्रीनवर 'हिंदी' आलं की हिंदीतच बोलायचं, ग्राहकाने मागितल्याशिवाय भाषा बदलायची नाही, असा नियम. फोन रेकॉर्ड व्हायचे आणि मोडणाऱ्याचे मार्क कापले जायचे.

आंबिवलीचे एक आजोबा मला अजून आठवतात.

"वो फिल्टर के बूड में से पानी गळता है," ते म्हणाले. "खाली पातेला रखा है. सून चिडती है."

"आप वो नळी को जरा आवळके देखो," मी म्हटलं. माझी हिंदीही त्यांच्याच शाळेतली.

"आवळा ना. आवळा तो और जोर से गळा."

बूड म्हणतात म्हणून मी तळाचा भाग बदलायची तक्रार लिहिली. माणूस जाऊन भाग बदलून आला. चार दिवसांनी आजोबांचा पुन्हा फोन. पाणी होतं तसंच गळत होतं. त्यांचा सूर ओळखीचा होता, आमच्या शेजारच्या काकांसारखा, आणि तरी आम्ही दोघं एकमेकांना "समझ गया क्या?" विचारत बसलो होतो. मला हसूही येत होतं आणि रडूही.

आमचे सर लखनऊचे. आमची हिंदी ऐकताना त्यांचा चेहरा दात दुखत असल्यासारखा व्हायचा. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मराठीत बोलणारे ग्राहक जवळजवळ नाहीतच, असं रिपोर्टमध्ये आलं होतं, म्हणून वरच्यांनी मराठीचं टेबल बंद करायचं ठरवलं होतं. माझी बदली पुण्याच्या सेंटरला.

घरी आई आणि मी, दोघीच. तिचे गुडघे गेलेले, आणि डोंबिवलीतल्या मानपाड्याचं घर सोडून ती कुठे येणार नव्हती. तिला एकटं टाकून मी पुण्याला कशी जाणार?

"सर, ही सगळी मराठीच माणसं आहेत," मी हिंदीत म्हटलं.

"तर मग दाखव."

मी तिथूनच आईला फोन लावला. "आई, आमच्या हेल्पलाइनला फोन कर. कोणी विचारलं नाही तरी मराठीतच बोल. आत्ता कर." सरांनी हेल्पलाइनवर येणारे फोन ऐकायचा स्पीकर चालू केला. थोड्या वेळाने आईचा फोन लागला. "नमस्कार, वेलकम," यंत्र म्हणालं आणि थांबलं. आम्हीही श्वास रोखून थांबलो.

"हां, हॅलो," आईचा आवाज आला. "मैं डोंबिवली से बोल रही हूँ. मेरी लडकी ने बोला है मराठी में बोलो, इसलिए फोन किया है."

स्क्रीनवर 'हिंदी' उमटलं. सर टेबलावर डोकं ठेवून हसले. मी तणतणत आईला परत फोन लावला आणि तोही स्पीकरवर टाकला.

"अगं, मराठीत बोल म्हणून सांगितलेलं ना मी तुला!"

"बोलणारच होते गं. पण ते माणूस नमस्कार म्हणालं आणि गप्पच बसलं. त्याला मराठी येत नसेल तर? उगाच बिचाऱ्याला कशाला अवघडवायचं?"

माझा राग तिथेच विरला. मी ते सरांना हिंदीत सांगितलं, तसे ते हसायचे थांबले. ठाण्यात इतकी वर्षं काढून आपल्याला मराठी का आली नाही, ते आज कळलं, असं म्हणाले. त्यांच्याशी कधी कोणी मराठीत बोललंच नव्हतं. मग म्हणाले, यंत्राने फोनवर म्हणायची सुरुवात तू लिही. पुढच्या रिपोर्टमध्ये मराठी दिसली तर टेबल राहील.

त्यावर मीटिंग झाली. एकाला प्रत्येक भाषेत कंपनीची पूर्ण ओळख हवी होती. गुजरातीची पाळी येईपर्यंत ग्राहक स्वतःच फिल्टर दुरुस्त करून मोकळा झाला असता. दुसऱ्याला सगळ्या भाषांची यादी इंग्रजीत वाचायची होती. सरांनी दोघांनाही चहा पाजून गप्प केलं.

मी लिहिलं ते एवढंच. "नमस्कार. मी मराठीत बोलतेय. मराठीसाठी एक दाबा, किंवा 'मराठी' म्हणा." मग लगेच हिंदी हिंदीत, गुजराती गुजरातीत, इंग्रजी इंग्रजीत, तितकंच आखूड. मधेच तोडून बटण दाबलं तरी चालेल. कोणी गप्पच राहिलं तर एकदा पुन्हा सांगायचं, आणि तरीही गप्प असेल तर सरळ माणसाकडे फोन द्यायचा. त्या माणसाने भाषा विचारून घ्यायची. निवडलेली भाषा त्या नंबरापुढे लक्षात ठेवायची, पण बदलायची मुभा कायम.

"मराठीतच बोलतेय हे वेगळं सांगायला कशाला हवं? ऐकू येतंच ना," सरांनी विचारलं.

"माझ्या आईला विचारा," मी म्हटलं.

नवी सुरुवात लागली त्या सकाळी मी हेडफोन लावून देवाला नमस्कार करतात तशी हात जोडून बसले होते. फोन वाजला. स्क्रीनवर 'मराठी'. पलीकडे आंबिवलीचे आजोबा.

"पानी अजून गळतंय बाय. वरच्या तोटीतनं गळतं न् बुडाशी येऊन साचतं."

म्हणजे तळाचा भाग आम्ही फुकटच बदलला होता. गळत होती ती तोटी. मी तोटी बदलायची तक्रार लिहिली आणि आजोबांना तसं सांगितलं.

"तुझा आवाज वलखला मी," ते म्हणाले. "तू ती हिंदीवालीच ना? मराठी कवा शिकलीस गो? किती साफ बोलतंस!"

खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचं कौतुक मोडवेना.

"आईकडून शिकले," मी म्हटलं.

"तिला सांग, चांगली शिकवलीन," आजोबा म्हणाले. "न् आता दमली असशील. हवं तर हिंदी में बोलते हैं."